पाकिटं नकोत, काका हवेत

पत्र

आमचा भडंगाचा व्यवसाय आहे, सांगलीजवळ. घरातच सुरू केला, आता बऱ्यापैकी वाढलाय. पाव किलोची छापील पाकिटं आठ वर्षं आम्ही कोल्हापूरच्या एकाच व्यावसायिकाकडून घेतो. त्यांना मी काका म्हणते. दर दोन महिन्यांनी २०,००० पाकिटं, दर ४ रुपये २० पैसे, पैसे महिन्याने. आता धंदा त्यांचा मुलगा बघतो. त्याने व्हॉट्सॲपवर कळवलंय की दिवाळीआधी ६०,००० पाकिटं एकदम घेतली आणि पैसे आगाऊ दिले तर १२ टक्के सूट, म्हणजे ३ रुपये ७० पैसे दर. पंधरा दिवसांत सांगा म्हणालाय. आम्हाला नको आहे. एवढा पैसा अडकवायचा नाही, ठेवायला जागा नाही, शिवाय जानेवारीत आम्ही औद्योगिक वसाहतीतल्या नव्या गाळ्यात जातोय, तो खर्च वेगळाच. पण लॉकडाऊनमध्ये काकांनी चार महिने पैशासाठी एकदाही फोन केला नव्हता. आता ते स्वतःहून सूट देतायत आणि मी नाही म्हणायचं? दिवाळीच्या गर्दीत आमचं काम मागे टाकलं तर? यजमान म्हणतात, "सध्या पैसे नाहीत म्हणून सांग, विषय संपला." मला ते पटत नाही, पण दुसरं काय सांगावं तेही सुचत नाही. आठ दिवस झाले, त्या मेसेजला नुसता अंगठा देऊन ठेवलाय.

उत्तर

ताई, आधी त्या अंगठ्याचं बघू.

आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण फोनवरच्या अंगठ्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. तुम्ही 'वाचलं' या अर्थाने दिला असणार. त्या मुलाने तो 'ठरलं' असा घेतला असेल तर आठ दिवसांत त्याने पाकिटांची प्लास्टिक फिल्म पुरवणाऱ्याला रोलसाठी सांगूनही झालं असेल. म्हणून बाकीचं उत्तर वाचायच्या आधी त्याला दोन ओळी पाठवा : "अंगठा फक्त मेसेज मिळाल्याचा होता. अजून काही ठरवलेलं नाही, गुरुवारी फोन करते." गुरुवारच्या जागी तुम्हाला सोयीचा वार घाला, पण वार घाला.

मी हे इतक्या घाईने सांगते, कारण हा धडा मी स्वतः शिकलेय. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं खरेदी विभागात होते. पुठ्ठ्याचे खोके देणारे एक गृहस्थ वर्षभराच्या मालावर सूट घेऊन आले. मला नको होती, पण माणूस इतका सज्जन की तोंडावर नाही म्हणवेना. मी म्हणाले, "बघू." तीन आठवड्यांनी ते कागदाच्या रिळांची पावती घेऊन आले. माझ्या 'बघू'वर त्यांनी कागद उचलला होता! त्या दिवशी मी जे नाही म्हटलं, ते तीन आठवड्यांपूर्वीच्या नाहीपेक्षा दसपट कडू होतं. त्यानंतर त्यांनी माल दिला, पण चहाला थांबणं बंद केलं. तुम्ही ज्या दुराव्याला भिताय तो बहुतेक वेळा नकारातून येत नाही, नकार लांबवण्यातून येतो.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते. ते 'स्वतःहून' सूट देतायत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मनात हिशेब असा की काकांनी एक उपकार पूर्वी केला, हा दुसरा. मला वाटतं हे दोन वेगळे आहेत. लॉकडाऊनमध्ये फोन न करणं हा माणुसकीचा भाग होता, तो लक्षात ठेवा. ही सूट मात्र छपाईच्या गणितातून आलेली आहे.

तुमची पाकिटं ग्रॅव्हियरवर छापली जात असणार. त्यात प्रत्येक रंगाचा कोरलेला सिलिंडर वेगळा. काम मशीनवर चढवायचं म्हणजे ते सगळे सिलिंडर बसवायचे, शाई लावायची आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत फिल्म पळवत राहायची. ती फिल्म वायाच जाते. मग काम २०,००० पाकिटांचं असो की ६०,०००चं, हा चढवण्या-उतरवण्याचा खर्च जवळपास तेवढाच. तुमची तीन कामं एका फेरीत उरकली तर त्याची दोन वेळची फिल्म, दोन वेळची शाई आणि दिवाळीच्या तोंडावरचे मशीनचे मोलाचे तास वाचतात. वर आगाऊ पैशातून त्याचा फिल्मवालाही भागतो. यात वावगं काहीच नाही, धंदा असाच चालतो. पण ही सूट म्हणजे त्याच्या वाचणाऱ्या खर्चातला तुम्हाला देऊ केलेला वाटा आहे. तो वाटा घ्यायचा की नाही हा तुमचा हिशेब. नाही घेतला तर तो त्याचं मशीन दुसऱ्या कामाला लावेल. अपमान वाटून घ्यायला यात जागाच नाही.

हिशेबावरून आठवलं, तुमचा निर्णय बरोबर आहे, पण तुम्ही दिलेली कारणं त्या मुलापुढे टिकणार नाहीत. पैसा अडकतो हे पहिलं कारण घेऊ. ६०,००० पाकिटांवर ५० पैसे वाचतात, म्हणजे ३०,००० रुपये. त्यासाठी आज २,२२,००० द्यायचे. नेहमीच्या पद्धतीने तुम्ही हेच पैसे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यात दिले असते, म्हणजे सरासरी तीन महिने उशिरा. बँकेचं कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तर तीन महिन्यांचं व्याज होतं ६,६६० रुपये. पाकिटांवरचा १८ टक्के जीएसटीही आधी भरावा लागेल आणि तुमच्या मालावर कर ५ टक्केच असल्यामुळे तो वळता व्हायला वेळ लागेल, हे खरं. तरीही नुसत्या व्याजाकडे बघितलं तर सूट घेणं फायद्याचं ठरतं. उद्या त्या मुलाने कॅल्क्युलेटर काढून हे दाखवलं तर तुम्ही गप्प व्हाल आणि गप्प झालात की ऑर्डर गळ्यात पडेल.

तुमचं खरं कारण तुम्ही पत्रात जाता जाता, खर्च म्हणून लिहून टाकलंय : जानेवारीतला गाळा.

व्याज वजा करून हाती राहतात २३,३४० रुपये. त्याला ३ रुपये ७० पैशांनी भागलं की येतात साधारण ६,३०० पाकिटं. म्हणजे ६०,००० पैकी एवढी जरी रद्दीत गेली तरी सगळी सूट संपली, आणि त्यापुढचं प्रत्येक पाकीट घरातून. आता तुमच्याकडे किती वाया जातील ते बघा. दोन महिन्यांना २०,००० या हिशेबाने डिसेंबरअखेरपर्यंत तुम्हाला ४०,००० लागतील. उरली २०,०००. त्या पाकिटांवर पत्ता जुन्या जागेचा, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही जुन्या जागेचा. हा परवाना व्यवसायाला मिळतो असं आपण समजतो, प्रत्यक्षात तो जागेला मिळतो. उत्पादनाची जागा बदलली की नव्या जागेचा वेगळा परवाना. जुना क्रमांक छापलेल्या पाकिटात नव्या गाळ्यात केलेला भडंग भरता येत नाही. वरून चिकटपट्टी लावू म्हणाल, तर पॅकबंद मालाच्या २०११च्या नियमांत छापलेली सक्तीची माहिती बदलायला सुटी चिकटपट्टी चालत नाही. किंमत कमी केल्याची चिकटपट्टी तेवढी चालते, तीही जुनी किंमत न झाकता. म्हणजे २०,००० पाकिटं, ७४,००० रुपये. तीस हजार वाचवायला चौऱ्याहत्तर हजारांची रद्दी. दिवाळीचा खप दणकून वाढला आणि त्यातली निम्मी संपली, तरी ३७,००० गेलेच.

छापील पाकिटांचा साठा असा अचानक अंगावर येतो हे तुमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी नुकतंच पाहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ला पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२वरून ५ टक्के झाला. सरकारने जुनी पाकिटं वापरायला मुदत दिली होती म्हणून निभावलं, पण ज्यांनी किंमत पाकिटावरच छापून घेतली होती त्यांची धांदल बघण्यासारखी होती. तुमची किंमतही छापील असेल तर पुढच्या कामापासून ती जागा कोरी ठेवा आणि तारीख, बॅच नंबर मारता त्याच यंत्राने किंमतही मारा.

तर हे कारण खरं आहे, आकड्यांत दाखवता येतं आणि त्यात काकांबद्दल काहीही वाईट नाही. नकाराचं इतकं चांगलं कारण दरवेळी मिळत नाही. म्हणूनच यजमानांचा मार्ग मला अजिबात आवडला नाही. ते खोटं आहे म्हणून नव्हे (आपण सगळेच पाहुण्यांना 'अहो, आत्ताच जेवलो' म्हणतो), ते महाग आहे म्हणून. तुम्ही महिन्याच्या उधारीवर माल घेता. उधारी देणाऱ्याला 'सध्या पैसे नाहीत' सांगणं म्हणजे पुढच्या बिलाला पैसे येतील का, ही शंका त्याच्या डोक्यात आपण होऊन घालणं. तो तोंडावर काही बोलणार नाही. दिवाळीच्या मालाच्या वेळी फक्त म्हणेल, "ताई, या वेळी निम्मे आधी द्या." आणि जानेवारीत तुम्ही नव्या गाळ्यात गेल्याचं कळलं की त्याला वाटणार, गाळ्याला पैसे होते, आमच्याच वेळी नव्हते. कोल्हापूर-सांगली म्हणजे काही दोन वेगळे देश नव्हेत, हे कळणारच.

'दुसरीकडे स्वस्त मिळतंय' हेही सांगू नका. त्यावर तो दर आणखी खाली आणेल. मग १५ टक्क्यांना नाही म्हणायचं, आणि तेव्हा तर कारणही उरलेलं नसेल.

आता कोणाला सांगायचं. तुमचा जीव काकांकडे ओढ घेणार. त्यांच्याशी बोलणं सोपं, ते समजून घेतील. पण प्रस्ताव मुलाचा आहे, उत्तर त्यालाच द्या. तुम्ही थेट काकांना फोन केलात तर त्याला वाटणार, ताईंनी आपल्याला पोर समजून वरच्या वर मिटवलं. पुढची वीस वर्षं तुमची पाकिटं तो छापणार आहे, काका नव्हे. त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेलं असलं तरी या फोनवर 'अरे' नको, 'तुम्ही' म्हणा. काकांना नंतर सहज, वेगळा फोन करा, आणि त्यात हा विषय त्यांनी काढला तरच बोला.

आधी फोन, मग त्याच दिवशी मेसेज, असा क्रम ठेवा. फोनवर आवाजातला सूर पोचतो आणि मेसेजमुळे कोण काय म्हणालं यावर नंतर वाद होत नाही. फोन साधारण असा :

"तुम्ही ६०,०००चा दर दिलात तो मी नीट बसून बघितला. दर चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण या वेळी आम्ही नाही घेत. जानेवारीत आमची जागा बदलतेय, परवान्याचा नंबर बदलणार, मग जवळजवळ वीस हजार पाकिटं माझ्याकडे पडून राहतील."

इथे थांबा. खरंच थांबा. आपली सवय अशी की नाही म्हटल्यावर आलेली शांतता सहन होत नाही आणि आपण ती भरायला लागतो : "तसं बघितलं तर चाळीस हजार... नाही म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे... यांना विचारते परत..." त्या भरतीतच ऑर्डर निघून जाते. त्याला बोलू द्या. तो बहुधा म्हणेल, "मग चाळीस घ्या ना ताई, १० टक्के देतो."

यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, "लिहून पाठवा, परवा सकाळी सांगते" म्हणा. चाळीस हजार तुम्हाला डिसेंबरपर्यंत लागणारच आहेत, त्यामुळे तो विचार करण्याजोगा प्रस्ताव आहे. पण तो त्याच्याकडून यायला हवा. नकार देता देता तुम्हीच चाळीसचा आकडा काढलात तर तुमचं गाळ्याचं खरं कारणही घासाघिशीचा डाव वाटेल, आणि पुढच्या वेळी तुमचं नाही कोणी खरं धरणार नाही. नकार आणि भावताव एका फोनवर आणू नयेत. चाळीसचं आलंच, तर दोन गोष्टी विचारा : माल दोन हप्त्यांत मिळेल का, आणि पैसे त्या त्या हप्त्याला चालतील का. पण लक्षात ठेवा, त्याच्या गोदामात पडलेली तुमची छापील पाकिटं ही तुमचीच जोखीम असते. माल उचलला नाही म्हणून पत्ता बदलायचा थांबत नाही. गाळ्याचा ताबा डिसेंबरच्या सुरुवातीलाच मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर चाळीसही नकोत.

दार उघडं ठेवण्याबद्दल. 'पुढच्या वेळी नक्की' हे वाक्य गोड वाटतं, पण ते कर्ज आहे, पुढच्या वेळी तो वसूल करायला येईल. त्यापेक्षा तुमच्याजवळ जे खरोखर द्यायला आहे ते सांगा, आणि तुमच्याजवळ एक मोठी गोष्ट आहे : नव्या पत्त्याचं काम. जानेवारीत पाकीट बदलावंच लागणार. ते काम त्यालाच देणार असाल तर आत्ता सांगा, आणि सांगताना एक प्रश्न विचारा : "पत्ता आणि परवाना नंबर कुठल्या सिलिंडरवर आहे?" बहुतेक डिझाइनमध्ये बारीक मजकूर एकट्या काळ्या रंगात असतो. तसं असेल तर सगळे सिलिंडर नव्याने करावे लागत नाहीत, एक काळा बदलला की भागतं. पण मजकूर रंगीत पट्टीतून कोरून पांढरा दाखवलेला असेल तर त्या पट्टीचे सिलिंडरही बदलतात आणि खर्च वाढतो. हा प्रश्न ऐकून त्याला कळेल की ताई जाणार नाहीत, पुढचं काम माझ्याकडेच आहे. कुठल्याही आभाराच्या वाक्यापेक्षा याने तो निर्धास्त होईल.

यातच एक जुनं काम उरकून घ्या. सिलिंडरचे पैसे सुरुवातीला तुम्ही भरले असतील, पण सिलिंडर त्याच्याकडेच ठेवलेले असतात. असाच रिवाज आहे, त्यात गैर काही नाही. मात्र ते तुमचे आहेत हे कुठे लिहिलेलं आहे का? आठ वर्षांपूर्वीचं बिल शोधा. नसेल सापडत तर नवीन सिलिंडरच्या वेळी बिलावर 'सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचे' एवढं लिहून घ्या. नकाराच्या फोनवर मात्र हा विषय नको, नाहीतर तुम्ही निघायच्या तयारीत आहात असं वाटेल.

आणखी एक गोष्ट देण्यासारखी आहे, आणि ती स्वस्त आहे. त्याला आगाऊ पैसे हवे होते म्हणजे हातात रोकड हवी आहे. तुम्ही बिल तीस दिवसांनी देता, ते दिवाळीपर्यंत सात दिवसांत द्या. ८४,००० रुपये २३ दिवस आधी दिल्याने तुमचं, त्याच १२ टक्क्यांच्या हिशेबाने, सहा-साडेसहाशे रुपये व्याज जातं. वीस हजार पाकिटांची ऑर्डर वेळेवर मशीनवर चढावी यासाठी एवढे जाऊ द्यावेत असं मला वाटतं. शिवाय गणपती-दसऱ्याच्या गर्दीत कोणाचं काम आधी घ्यायचं हे ठरवताना छापणारा सूट कोणी घेतली ते आठवत नाही, पैसे कोणाचे आले ते आठवतो. फक्त हे कायमचं कबूल करू नका, 'दिवाळीपर्यंत' असं स्पष्ट म्हणा.

मग मेसेज एवढाच :

"आज फोनवर बोलल्याप्रमाणे, ६०,०००ची ऑर्डर या वेळी घेत नाही, कारण जानेवारीत जागा आणि परवाना क्रमांक बदलतोय. नेहमीची २०,०००ची ऑर्डर सोमवारी पाठवते. दिवाळीपर्यंतची बिलं सात दिवसांत देऊ. नव्या पत्त्याचं काम तुमच्याकडेच आहे, डिसेंबरमध्ये डिझाइन घेऊन बसू. तेव्हा मोठ्या ऑर्डरचा दर पुन्हा बोलू."

शेवटच्या वाक्यात 'बोलू' आहे, 'घेऊ' नाही, याकडे लक्ष द्या. नव्या पत्त्यावर, किंमत कोरी ठेवून छापलेली पाकिटं वर्षभर तरी जुनी होण्याची भीती कमी. तेव्हा मात्र हीच १२ टक्क्यांची सूट तुम्हाला खरोखर परवडेल, आणि तेव्हा ती तुम्ही मागायची.

मेसेजमध्ये मी दिलगिरी घातलेली नाही, मुद्दाम. 'माफ करा', 'वाईट वाटून घेऊ नका' असं तीनदा लिहिलं की समोरच्याला वाटायला लागतं, वाईट वाटण्यासारखं काहीतरी झालेलं दिसतंय.

सोमवारची ऑर्डर खरोखर सोमवारी जाऊ द्या, नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधी असली तरी. नकारानंतरची पहिली ऑर्डर लवकर गेली की नात्याबद्दलची सगळी शंका तिथेच मिटते, आणि दिवाळीच्या रांगेत तुमचा नंबरही लागतो. तो माल आला की शंभर पाकिटं काट्यावर ठेवून वजन करा आणि जुन्या शिल्लक पाकिटांपैकी शंभरांशी ताडून बघा. नाराजी तोंडातून क्वचित निघते, ती उशिरा आलेल्या टेम्पोत किंवा पातळ झालेल्या फिल्ममध्ये दिसते. वजनात थोडा इकडेतिकडे फरक असतोच. शेकडा सात-आठच्या वर घट दिसली तर शांतपणे विचारा, "फिल्म तीच आहे ना?" आणि दर वाढवून लावलेला दिसला तर लगेच राग मानू नका. फिल्मचे भाव कच्च्या तेलाबरोबर वरखाली होतात, कारण विचारा आणि दुसऱ्या एखाद्याकडून दर मागवून खात्री करा.

हे पत्र वाचून अनेकांना आपापले काका आठवतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. किराणा दुकानदारांकडे कंपनीचा माणूस महिनाअखेरीला 'दहा पेट्यांवर एक फुकट' घेऊन येतो, तेव्हा त्याला त्याचं टार्गेट गाठायचं असतं. त्याला सरळ "या महिन्यात पाचच" सांगा, त्याला दिवसात वीस नकार ऐकायची सवय असते. तिथे जपायचं ते वितरकाशी असलेलं नातं, त्या माणसाची दोन वर्षांत बदली होते. मात्र मुदत संपलेला माल परत घेणार का, हे विचारल्याशिवाय फुकटच्या पेटीला हात लावू नका. सोसायटीच्या लिफ्टवाल्याने तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे एकदम भरल्यास सूट देऊ केली असेल, तर सचिवांनी एकट्याने फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नये. "समितीच्या बैठकीत ठेवतो, अमुक तारखेला कळवतो" हे तिथे खरंच उत्तर आहे, टाळाटाळ नव्हे. पण त्या तारखेला कळवायचं.

ताई, एक राहिलं. डिसेंबरमध्ये डिझाइनला बसाल तेव्हा नव्या परवान्याचा क्रमांक प्रत्यक्ष हातात असल्याशिवाय तो काळा सिलिंडर कोरायला देऊ नका. अर्जाच्या पावतीवरही एक लांबलचक नंबर असतो. तो परवान्याचा नंबर नव्हे, आणि एकदा कोरलेला आकडा खोडता येत नाही.